फ्लो बॅटरीची चौकशी करण्याआधी: किलोवॅट किती, तास किती आणि भरायला वेळ किती?

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा एका ओळीच्या असतात: "४०० युनिटची फ्लो बॅटरी हवी, दर कळवा." लिथियमच्या बॅटरीला एवढ्यावर निदान अंदाजे दर तरी सांगता येतो. फ्लो बॅटरीला येत नाही, म्हणून आम्ही उलट प्रश्न विचारतो. त्यात आठवडा जातो आणि काहींना आम्ही टाळाटाळ करतोय असं वाटतं. तसं नाही. या बॅटरीत ताकद आणि साठा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचा दरही वेगळाच लागतो.

आम्ही बसवतो त्या व्हॅनेडियम बॅटरीत वीज टाक्यांतल्या द्रावणात साठते. सल्फ्युरिक आम्लात व्हॅनेडियम विरघळवलेलं असतं. एक टाकी धन बाजूची, एक ऋण बाजूची. पंप हे द्रावण स्टॅकमधून फिरवतात. स्टॅक म्हणजे कार्बन फेल्टचे इलेक्ट्रोड, मधे पडदा आणि कार्बनच्या पट्ट्या अशा एकमेकींना जोडलेल्या सेलची चळत. एका सेलला साधारण सव्वा ते दीड व्होल्ट मिळतात. विजेची देवाणघेवाण फक्त इथेच होते, म्हणून एका वेळी किती किलोवॅट मिळणार हे स्टॅकच्या क्षेत्रफळावर ठरतं. किती तास मिळणार हे टाकीवर ठरतं. हिशेबाला एका युनिटला दोन्ही बाजू मिळून ५० लिटर द्रावण धरा.

याचं चांगलं उदाहरण जपानच्या होक्काइडो बेटावर आहे. तिथे २०१५ साली सुमितोमोने १५ मेगावॅट आणि ६० मेगावॅट-तासांची व्हॅनेडियम बॅटरी बसवली. २०२२ मध्ये त्याच बेटावर दुसरी आली, ती १७ मेगावॅट आणि ५१ मेगावॅट-तासांची. ताकद वाढली, साठा मात्र कमी झाला. गरजेप्रमाणे एक आकडा वर आणि दुसरा खाली नेता आला, कारण ते एकमेकांना बांधलेले नाहीत.

वेळ खाणारी चूक

हे समजलेले ग्राहक पुढच्या टप्प्यावर अडकतात. "स्टॅक ५० किलोवॅटचा ठेवा, तास हवे तसे टाकी वाढवून घेऊ," असं ते म्हणतात. वीज काढण्यापुरतं हे बरोबर आहे. पण टाकी भरायचीही असते, आणि ती त्याच स्टॅकमधून भरते.

समजा एका शीतगृहाला रात्री ५० किलोवॅट, ८ तास हवेत. म्हणजे ४०० युनिट, २०,००० लिटर द्रावण. पंप, इन्व्हर्टर आणि स्टॅकमधली घट धरून या बॅटरीतून घातलेल्या विजेपैकी सुमारे ७० टक्के परत मिळते. ४०० युनिट काढायला साधारण ५७० युनिट घालावे लागतात. सौर पॅनेलवर भरवशाचे ६ तास धरले, तर भरताना ९५ किलोवॅट घ्यावे लागतील. ५० किलोवॅटचा स्टॅक त्या ६ तासांत ३०० युनिट घेईल आणि रात्री २१० देईल. टाकी कधी पूर्ण भरणारच नाही, आणि अर्ध्या द्रावणाचे पैसे अडकून पडतील.

दुपारी ग्रिडची जोड देऊन भरण्याचे तास ८ केले, तर ७२ किलोवॅटचा स्टॅक पुरतो. स्टॅक हा बॅटरीतला महागडा भाग असल्यामुळे हे दोन तास मिळतात का ते आम्ही आधी बघतो.

मनात ठेवायला हिशेब सोपा आहे: भरण्याच्या तासांना ०.७ ने गुणा. येतील तेवढ्या तासांपर्यंत स्टॅक तुमच्या लोडएवढा चालतो. ८ तास भरत असाल, तर साडेपाच तासांपर्यंत नुसती टाकी वाढवून काम होतं. त्यापुढे तास हवे असतील, तर भरण्याचा वेळ वाढवा किंवा स्टॅक वाढवा. टाकी आज लहान घेऊन पुढे मोठी करायची असेल, तर आधीच सांगा. पाइप आणि जागा त्या हिशेबाने सोडता येते.

मग ही बॅटरी कुणी घ्यावी?

दोन तासांचा बॅकअप हवा असेल, तर लिथियम घ्या. तिथे आम्ही दरात टिकत नाही, आणि घट पण लिथियममध्ये कमी आहे. तास वाढले की गणित फिरतं. लिथियममध्ये प्रत्येक वाढीव तासाला पूर्ण सेल घ्यावे लागतात, ताकद नको असली तरी. इथे वाढतं ते द्रावण आणि टाकी. स्टॅक, पंप आणि नियंत्रणाचा खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो. शिवाय दोन्ही बाजूंना एकच धातू असल्याने पडद्यातून थोडं इकडचं तिकडे गेलं तरी द्रावण खराब होत नाही. क्षमता कमी होते, पण दोन्ही टाक्या मिसळून समतोल केला की ती परत येते. हे काम आमच्या वार्षिक देखभालीत धरलेलं आहे. द्रावण पाण्याचंच असल्यामुळे पेट घेत नाही, पण आम्ल आहे हे विसरू नका.

चालवताना

टाक्यांची पातळी हळूहळू कमी-जास्त होते, कारण पडद्यातून पाणीही सरकतं. अशा वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या सवयीने डिस्टिल्ड वॉटर ओतू नका. तीव्रता बिघडली की दुरुस्तीला द्रावण तपासावं लागतं, आणि ते हमीत बसत नाही. फोन करा.

दुसरी काळजी उन्हाची. द्रावण १० ते ४० अंशांत ठेवायचं. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांच्या वर राहिली, तर धन बाजूचं व्हॅनेडियम घन होऊन खाली बसतं आणि फेल्ट चोंदतो. लक्षण म्हणजे स्टॅकच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीतल्या दाबाचा फरक वाढतो, प्रवाह घटतो. विदर्भ-मराठवाड्यात म्हणूनच आम्ही छप्पर आणि कूलिंगशिवाय काम घेत नाही. एप्रिल-मेमध्ये पूर्ण भरून दुपारभर तसंच ठेवू नका.

शेवटच्या २० टक्क्यांत ताकद कमी पडली की तक्रार येते. हा बिघाड नाही. कामाला येणारं व्हॅनेडियम कमी उरलेलं असतं. ५० किलोवॅटसाठी निव्वळ हिशेबाने प्रत्येक बाजूला मिनिटाला १६ लिटर द्रावण पुरलं असतं, पण २० टक्के उरल्यावर तेवढंच काम करायला पाचपट, म्हणजे ८० लिटर फिरवावं लागतं. आम्ही पंप म्हणूनच मोठा देतो. जड मोटर सुरू करायची असेल, तर ती शेवटच्या तासाला ठेवू नका.

चौकशी पाठवताना

सर्वांत जास्त लोड किती किलोवॅट, किती तास, आणि भरायला रोज कोणते तास मिळतील, हे तीन आकडे द्या. मीटरचं वेळेनुसार रीडिंग असेल तर उत्तम, नसेल तर शेवटचं बिल चालेल. जागेचं मापही पाठवा. २०,००० लिटर द्रावणाचं वजन टाक्या सोडून २७ टनांच्या आसपास भरतं, आणि खाली निदान एक टाकी पूर्ण मावेल एवढा आम्लरोधक हौद लागतो. गच्चीवर बसवून द्या म्हणणाऱ्यांनी आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारावं.