ब्लूटूथवर आवाज मागे का राहतो

ब्लूटूथ हेडफोन कानात घालून कोणाला तरी फोन लावा. बोलणं सुरळीत चालतं, कोणी कोणाला अडखळवत नाही. मग तेच हेडफोन टीव्हीला जोडून बातम्या लावा. निवेदिकेचे ओठ मिटले तरी तिचे शब्द येतच राहतात. हेडफोन तेच, रेडिओ लहरी त्याच, तरी एकीकडे आवाज वेळेवर येतो आणि दुसरीकडे रेंगाळतो. कारण ब्लूटूथमध्ये आवाजाला जायला दोन वेगळ्या वाटा आहेत. त्या दोन वेगळ्या गरजांतून बांधल्या गेल्या, आणि आपला सिनेमा नेमका लांबच्या वाटेने येतो.

पहिली वाट टेलिफोनवाल्यांची. स्वीडनमधल्या लुंड इथे 1994 मध्ये एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि त्यांचे सहकारी मोबाइलची वायर कशी काढून टाकता येईल यावर काम करत होते. 1999 साली ब्लूटूथची 1.0 आवृत्ती आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एका कानात बसणारा, बोलण्यापुरता हेडसेट होता. त्यांनी एका सेकंदाचे 1600 बारीक तुकडे केले आणि त्यातले काही तुकडे बोलण्यासाठी राखून ठेवले. राखीव डब्यासारखं हे: गर्दी कितीही असो, ती जागा तुमचीच. एका पाकिटात जेमतेम 3.75 मिलिसेकंदांचं बोलणं मावतं, आणि एखादं पाकीट वाटेत हरवलं तर ते परत पाठवत बसायचं नाही. कानात बारीकशी खरखर होईल, होऊ दे. समोरच्याचं वाक्य वेळेवर पोचलं पाहिजे. (पुढच्या आवृत्त्यांनी मोजक्या फेरपाठवणीला परवानगी दिली, पण तत्त्व तेच राहिलं.) या वाटेची क्षमता सेकंदाला 64 किलोबिट. बोलण्याला पुरेशी, गाण्याला अगदीच तोकडी.

गाण्यासाठी 2003 मध्ये दुसरी वाट ठरली. तिचं नाव एटूडीपी. स्टिरिओ संगीत ऐकण्याजोगं हवं तर सेकंदाला साधारण 328 किलोबिट लागत होते, आणि ते राखीव डब्यात बसणारे नव्हते. म्हणून संगीत फाइल पाठवायच्या मार्गावर घातलं. या मार्गाचा नियम उलटा आहे: पाकीट नीट पोचल्याची पावती आली नाही तर ते पुन्हा पाठवायचं. गाण्यात खरखर कोणालाच नको असते, त्यामुळे निवड बरोबरच होती. फक्त आता पाकिटं कधी येतील याचा भरवसा उरला नाही. शेजारच्याचं वायफाय त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतं, फोन मागच्या खिशात असेल तर मधे आपलं शरीर येतं आणि त्यातलं पाणी लहरी शोषून घेतं. मग एखादं पाकीट चार वेळा पाठवावं लागतं आणि त्यामागची सगळी खोळंबतात.

यावर उपाय आपल्याकडे घरोघरी आहे. नळाला पाणी लहरीप्रमाणे येतं, म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो. वरून धार तुटली तरी खालचा नळ चालू राहतो. हेडफोनमध्येही अशीच आवाजाची टाकी असते, तिला बफर म्हणतात. आलेला आवाज लगेच वाजवायचा नाही, आधी टाकी भरू द्यायची आणि मग तळातून सोडायला लागायचं. त्यामुळे आत्ता कानात पडतोय तो आवाज काही वेळापूर्वी टाकीत शिरलेला असतो. टाकी जितकी मोठी, तितकं गाणं न तुटता वाजणार आणि तितकंच मागे राहणार.

उशिराचं खापर बहुतेक लोक कोडेकवर, म्हणजे आवाज आवळण्याच्या पद्धतीवर फोडतात. पण प्रत्येक हेडफोनमध्ये सक्तीचा असलेला एसबीसी कोडेक एका वेळी फक्त 128 नमुने घेतो, म्हणजे सुमारे 2.9 मिलिसेकंदांचा आवाज. असे पाचेक तुकडे एका पाकिटात भरले तरी 15 मिलिसेकंदांच्या आसपासच होतात. प्रत्यक्षात मात्र उशीर 150 ते 250 मिलिसेकंद भरतो. उरलेला बराचसा हिस्सा टाकीचा आहे. म्हणूनच एलडॅकसारखा भारी कोडेक निवडून ओठ जुळत नाहीत. तो आवाजाच्या दर्जासाठी आहे, घाईसाठी नाही.

2003 मध्ये याची तक्रार कोणी केली नाही, कारण तेव्हा फोनवर बघायला फारसं काही नव्हतं. प्ले दाबल्यावर गाणं पाव सेकंद उशिरा सुरू झालं तर कोणाच्या लक्षात येणार? पुढे फोनचा पडदा मोठा झाला, त्यावर व्हिडिओ आला, 2016 मध्ये आयफोन 7 मधून हेडफोनचं भोकच गेलं आणि इतर कंपन्याही त्याच रस्त्याने निघाल्या. गाण्यासाठी बांधलेल्या वाटेवर सिनेमा आणि गेम धावू लागले.

पाव सेकंद इतका का खुपतो? नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी कपडे धूत असेल तर धोपटणं आधी खाली येताना दिसतं आणि धप्प नंतर ऐकू येतं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे 200 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे बोलणारा माणूस जवळजवळ 68 मीटर लांब उभा असल्यासारखं. पडद्यावर त्याचा चेहरा हातभर अंतरावर असतो आणि मेंदूला हा हिशेब पटत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1998 मध्ये प्रसारणासाठी मर्यादा सांगितल्या. आवाज चित्राच्या आधी आला तर 45 मिलिसेकंदांतच कळतं, मागे राहिला तर साधारण 125 पर्यंत चालून जातं आणि 185 च्या पुढे स्वीकारण्याजोगं राहत नाही. निसर्गात आवाज कधी दृश्याच्या आधी येत नाही, त्यामुळे मागे राहणाऱ्याला आपण जास्त माफ करतो. साधा ब्लूटूथ हेडफोन नेमका या माफीच्या कडेवर, बऱ्याचदा पलीकडे उभा असतो.

मग फोनवर व्हिडिओ बघताना बहुतेक वेळा काहीच का जाणवत नाही? कारण तिथे उशीर कमी होत नाही, लपवला जातो. एटूडीपीच्या सुधारित नियमांत हेडफोनला आपला उशीर फोनला कळवायची सोय झाली. व्हिडिओचं अ‍ॅप तो आकडा विचारतं आणि चित्रच तेवढं थांबवून दाखवतं. आवाज मागे आहे तर चित्रालाही मागे ओढायचं. ही युक्ती तीन ठिकाणी फसते. हेडफोन खोटा किंवा ढोबळ आकडा सांगतो तेव्हा. अ‍ॅप विचारतच नाही तेव्हा. आणि टीव्हीच्या मागे वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला असेल तेव्हा, कारण टीव्हीच्या लेखी आवाज केबलमधून बाहेर पडला की त्याचं काम संपलं. पुढे टाकी आहे हे त्याला सांगणारं कोणी नसतं. गेममध्ये तर युक्ती चालूच शकत नाही. बोट दाबल्यावर गोळी सुटल्याचं चित्र पाव सेकंद थांबवलं तर खेळायचं काय?

तेव्हा दुरुस्तीच्या आधी मोजावं, अंदाजाने कळा दाबत बसू नये. पांढरी चमक आणि टिक एकाच क्षणी येणारा चाचणी व्हिडिओ लॅपटॉपवर लावा. दुसऱ्या फोनने पडदा चित्रित करा आणि चित्रण चालू असताना इअरबड त्या फोनच्या मायक्रोफोनला चिकटवून धरा. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे 33 मिलिसेकंदांची. हे चित्रण संकलनाच्या अ‍ॅपमध्ये उघडून चमक आणि टिक यांच्यामधल्या फ्रेम मोजा. मग हेडफोन तोडून लॅपटॉपच्या स्पीकरवर तीच मोजणी करा, म्हणजे चित्रण करणाऱ्या फोनची स्वतःची चूक वजा होते. समजा स्पीकरवर 1 फ्रेम आली आणि इअरबडवर 7. फरक 6 फ्रेमचा, म्हणजे 200 मिलिसेकंद.

आता विंडोज किंवा लिनक्सवरच्या व्हीएलसीमध्ये `J` ही कळ चार वेळा दाबा. दर वेळी आवाज 50 मिलिसेकंद पुढे सरकतो, म्हणजे चाराला 200. उलट दिशेला `K`. एमपीव्ही वापरत असाल तर सुरू करतानाच सांगता येतं:

```
mpv --audio-delay=-0.2 video.mp4
```

उणे चिन्ह विसरलात तर आवाज आणखी 200 मिलिसेकंद मागे जाईल आणि गोंधळ दुप्पट होईल. हेडफोन बदलला की आकडाही बदलतो, म्हणून पुन्हा मोजायला लागतं. टीव्हीच्या सेटिंगमध्येही आवाजाचा उशीर नावाची सोय बऱ्याचदा असते, पण त्यातल्या अनेक फक्त आवाज आणखी मागे ढकलू शकतात, आणि आपल्याला तर तो पुढे हवा असतो. घेण्याआधी हे बघून ठेवा.

फोन जवळ ठेवा, राउटर 5 गिगाहर्ट्झवर न्या, हे सल्ले सगळीकडे मिळतात. त्यांनी आवाज तुटणं थांबतं. उशीर मात्र बहुधा तेवढाच राहतो, कारण पाणी मुबलक आलं म्हणून टाकी लहान होत नाही. टाकी लहान करायचं काम हेडफोनमधला ‘गेमिंग मोड’ करतो. तो लावल्यावर आवाज अधूनमधून तुटायला लागला तर बिघाड समजू नका. तो त्या सौद्याचाच भाग आहे. फोन जवळ ठेवण्याचा खरा उपयोग इथे होतो. खोक्यावर छापलेला मिलिसेकंदांचा आकडा मात्र कुठून कुठपर्यंत मोजला हे क्वचितच लिहिलेलं असतं, तेव्हा वरची फ्रेमची मोजणी त्यालाही लावून बघा.

टीव्हीसाठी बरीच वर्षं एक चांगला मार्ग होता: 2012 च्या सुमारास आलेला अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी, साधारण 40 मिलिसेकंदांचा. त्याची अट एकच, ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांनाही तो यायला हवा. एकाला येत नसेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात आणि पैसे खर्चूनही ओठ चुकलेलेच राहतात. ट्रान्समीटरवर कोडेकचा दिवा असेल तर तो आधी बघा.

2020 मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओने मुळालाच हात घातला. त्यात आवाजाला पुन्हा ठरलेल्या वेळा मिळाल्या. हरवलेलं पाकीट परत पाठवता येतं, पण ठरावीक मुदतीतच. मुदत टळली की ते सोडून द्यायचं आणि पुढचं वाजवायचं. 1999 च्या राखीव डब्याचा नियम आणि 2003 च्या संगीताचा दर्जा इथे एकत्र आले. नवा एलसी3 कोडेक 7.5 किंवा 10 मिलिसेकंदांचे तुकडे घेतो, आणि दोन्ही कानांना वेगवेगळा प्रवाह मिळतो. आधीच्या अनेक इअरबडमध्ये एक कान दुसऱ्याला आवाज पुरवत असे आणि त्या फेरीतही वेळ जात असे, ती फेरी वाचली. अँड्रॉइड 13 पासून फोनमध्ये याला आधार आहे, पण फोन आणि इअरबड दोन्ही त्या ताकदीचे लागतात. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या इअरबडच्या नावासमोर ‘LE Audio’ असं बटण दिसतंय का ते बघा. ते बंद असेल तर नवा कोरा इअरबडही 2003 च्याच वाटेने आवाज आणत असतो.