ए-मालिका (कागदाचे आकार)

आयताकृती कागदाच्या आकारांची आंतरराष्ट्रीय मानक मालिका. हिच्यातील कोणताही कागद लांबीच्या मध्यावर दुमडून कापला, तर मिळणाऱ्या दोन्ही तुकड्यांच्या बाजूंचे गुणोत्तर मूळ कागदाइतकेच राहते.

हा गुण सर्वच आयतांत नसतो. अमेरिकेत प्रचलित असलेला २१६ × २७९ मिमी. चा ‘लेटर’ कागद घेतला, तर त्याचे गुणोत्तर सुमारे १.२९ असते आणि अर्ध्याचे सुमारे १.५५ होते; म्हणजे अर्धा कागद मूळ कागदापेक्षा निमुळता दिसतो. गुणोत्तर टिकवायचे, तर रुंदी १ आणि लांबी क्ष मानावी. अर्ध्या कागदाची लांबी १ आणि रुंदी क्ष/२ होते, म्हणून त्याचे गुणोत्तर २/क्ष असते. ते क्ष एवढेच असावे, तर क्ष² = २, म्हणजे क्ष = √२ किंवा सुमारे १.४१४. दुसरे कोणतेही गुणोत्तर ही अट पुरी करत नाही. याचा पडताळा मोजपट्टीविना घेता येतो: ए-४ कागदाचा कोपरा दुमडून आखूड बाजू लांब बाजूवर बसवली, की चौरसाच्या कर्णावर घडी पडते, ती दुसऱ्या ए-४ कागदाच्या लांब बाजूशी तंतोतंत जुळते.

या गुणोत्तराचा उल्लेख जर्मन भौतिकीविज्ञ लिश्टेनबर्ग यांच्या १७८६ मधील पत्रात आहे. वाल्टर पोर्स्टमान यांच्या मांडणीवरून १९२२ मध्ये जर्मनीने त्याचे मानक केले आणि १९७५ मध्ये ते आयएसओ २१६ म्हणून आंतरराष्ट्रीय झाले.

गुणोत्तराने केवळ आकार ठरतो, माप नव्हे. त्यासाठी ए-० चे क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरले गेले. त्यामुळे त्याच्या बाजू ८४१ × ११८९ मिमी. येतात. पुढे प्रत्येक वेळी लांब बाजू निम्मी होते आणि अर्धा मिलिमीटर उरल्यास तो सोडून देतात. ए-१ ५९४ × ८४१, ए-२ ४२० × ५९४, ए-३ २९७ × ४२० आणि ए-४ २१० × २९७ मिमी. असतो. २९७ चे निम्मे १४८.५, म्हणून ए-५ १४८ × २१० मिमी. चा होतो आणि त्याचे गुणोत्तर १.४१९ भरते. त्यापुढे ए-६ १०५ × १४८, ए-७ ७४ × १०५, ए-८ ५२ × ७४, ए-९ ३७ × ५२ आणि ए-१० २६ × ३७ मिमी. अशी मापे आहेत. तेव्हा ‘गुणोत्तर कायम राहते’ हे विधान मिलिमीटरच्या पूर्णांकापुरते खरे आहे, आणि लहान आकारांत हा फरक थोडा अधिक जाणवतो.

झेरॉक्स यंत्रावरील ७१% आणि १४१% हे आकडे येथूनच आले आहेत. ए-३ वरील मजकूर ए-४ वर घेताना प्रत्येक बाजू १/√२ पट, म्हणजे सुमारे ७१% होते, आणि कडेला कोरी पट्टी उरत नाही. ‘लेटर’ कागदासाठी केलेली मांडणी मूळ मापात ए-४ वर छापल्यास मात्र रुंदीत ६ मिमी. कमी पडतात, तर उंचीत १८ मिमी. जागा कोरी राहते.

वजनाचा हिशोबही सोपा होतो: ८० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या ए-० तावातून ए-४ चे १६ कागद निघतात, म्हणून एका कागदाचे वजन सुमारे ५ ग्रॅम असते.