हिरड्यांचा चार्ट हातात आल्यावर आधी कुठे बघायचं?

आमच्याकडे हिरड्यांची तपासणी सुरू झाली की खुर्चीतल्या माणसाला एकच आवाज ऐकू येतो. डॉक्टर म्हणतात, "तीन, दोन, सहा, ब्लीडिंग," आणि शेजारी बसलेली मदतनीस ते लिहून घेते. तोंड उघडं असल्यामुळे काही विचारता येत नाही. मग घरी गेल्यावर चार्टचा फोटो काढून आम्हाला पाठवला जातो आणि खाली प्रश्न असतो, "सहा म्हणजे खूप वाईट का?" तीन महिन्यांनी दुसरा चार्ट निघतो आणि तेव्हाचा प्रश्न वेगळा असतो, "सहाचे तीन झाले, मग आता यायची गरज नाही ना?" किंवा अगदी उलट, "तुम्ही साफ केल्यापासून दात लांब दिसायला लागलेत, हिरडी खरवडली गेली का?"

या सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. चार्टवर तीन गोष्टी असतात, आणि आपण त्यातली एकच वाचतो.

कागदावर काय असतं

प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतो. गालाकडून तीन, जिभेकडून किंवा टाळूकडून तीन. प्रत्येक बाजूला एक मध्ये आणि दोन कोपऱ्यांवर, म्हणजे शेजारच्या दाताच्या फटीजवळ. अक्कलदाढा सोडून 28 दात असले तर 168 आकडे होतात. चार्ट आम्ही समोर बसून बघतो तसा काढलेला असतो, त्यामुळे तुमची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. हे लक्षात नसल्यामुळे दुखणारा दात चुकीच्या बाजूला शोधणारे बरेच जण आहेत.

मोजायचं साधन म्हणजे प्रोब. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत ती हलक्या हाताने सरकवायची. जोर साधारण 20 ते 25 ग्रॅम असतो, नखावर टेकवली तर नख किंचित पांढुरकं होईल एवढाच. हिरडीच्या काठापासून प्रोब जिथे अडते तिथपर्यंतची खोली हा पहिला आकडा. त्याला आम्ही पॉकेटची खोली म्हणतो. 1 ते 3 मिमी ही निरोगी हिरडीतली नेहमीची खोली. 4 आला की लक्ष ठेवायचं. 5 आणि त्यापुढे घरचा ब्रश किंवा फ्लॉस तळापर्यंत पोहोचत नाही, तिथे साचलेला कीट आम्हालाच काढावा लागतो.

इथपर्यंत बहुतेकांना समजतं. घोळ याच्या पुढे होतो.

जी चूक सगळ्यात जास्त वेळ खाते

खोली मोजली जाते हिरडीच्या काठापासून. आणि काठ तर हलतो. हिरडी सुजली की काठ वर चढतो, सूज उतरली की खाली येतो. पाण्याची खोली नदीच्या पातळीवरून मोजली तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी येणारच, तळ तिथेच असला तरी. म्हणून दुसरी एक न हलणारी खूण लागते. दाताचा कठीण चकचकीत थर जिथे संपतो आणि मूळ सुरू होतं, तिथे दाताच्या अंगावरच एक रेघ असते. ही रेघ आयुष्यभर जागची हलत नाही. या रेघेपासून पॉकेटच्या तळापर्यंतचं अंतर म्हणजे दाताने गमावलेली पकड. चार्टवर त्याला अटॅचमेंट लॉस लिहिलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. हिरडी रेघेच्या खाली उतरली असेल तर खोलीत तेवढे मिलिमीटर मिळवायचे. हिरडी सुजून रेघेच्या वर आली असेल तर तेवढे वजा करायचे. आमच्या चार्टवर हिरडी वर असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह असतं. काही ठिकाणी हे चिन्ह उलटं वापरतात, म्हणून दुसरीकडचा चार्ट वाचताना आधी ते विचारून घ्या.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. शाळेत शिकवणाऱ्या एक काकू आमच्याकडे आल्या होत्या. खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या, म्हणजे चार्टवरच्या 46 नंबरच्या, गालाकडच्या पुढच्या कोपऱ्यावर खोली 6 होती. हिरडी लाल, फुगलेली आणि रेघेच्या 1 मिमी वर. म्हणजे गमावलेली पकड 6 वजा 1, म्हणजे 5 मिमी. आम्ही दोन बैठकांत बधीर करून मुळांपर्यंतची सफाई केली. तीन महिन्यांनी त्याच जागी खोली 3 आली. पण हिरडी आता रेघेच्या 1 मिमी खाली होती. 3 अधिक 1, पकड गेली ती 4 मिमी.

काकूंना आरशात दिसलं ते एवढंच, की हिरडी 2 मिमी खाली आली आणि दात लांब झाला. शेजारणीने सांगितलं होतंच, की "दात साफ केले की हलायला लागतात, फटी पडतात." त्या खरोखर नाराज होऊन आल्या. आम्ही दोन्ही चार्ट शेजारी ठेवले आणि त्यांच्या हातात पेन दिला. खोली 3 ने कमी झाली. त्यातले 2 मिमी सूज उतरल्याचे आणि 1 मिमी पकड सुधारल्याचा. हिरडी खरवडली असती, तर पकडीचा आकडा 5 वरून वर गेला असता. तो खाली आला आहे. मुळाचा तो भाग आधीही उघडाच पडलेला होता, फक्त सुजलेल्या हिरडीने आणि कीटाने झाकला होता.

त्या 1 मिमीबद्दलही आम्ही मोठेपणा घेत नाही. सुजलेली हिरडी मऊ असते, प्रोब त्यात थोडी जास्त आत जाते. बरी झालेली हिरडी घट्ट असते, प्रोब आधीच अडते. शिवाय हाताने मोजताना 1 मिमीचा फरक पडतोच. म्हणून "हाड परत आलं" असा त्याचा अर्थ काढू नका. हाड परत येणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी निवडक जागी शस्त्रक्रिया करावी लागते. आणि कुठल्या एकाच जागी 3 चे 4 झाले म्हणून घाबरूही नका. 2 मिमी किंवा जास्त वाढ दिसली, किंवा तीच जागा पुन्हा पुन्हा वाढत गेली, तर आम्ही हालचाल करतो.

उलटा प्रकारही असतो आणि तो जास्त फसवा आहे. एका गृहस्थांच्या खालच्या पुढच्या दातांना खोली फक्त 2 होती. त्यांना वाटलं हेच दात सर्वांत चांगले. पण हिरडी 4 मिमी उतरलेली, म्हणजे पकड 6 मिमी गेलेली. मुळाचा मोठा भाग हाडाबाहेर. पहिल्याच ओळीवर थांबलं की असे दात नजरेतून सुटतात. याउलट रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काही जणांची हिरडी वाढते, त्यांची खोली 5 येते आणि पकड जवळपास शाबूत असते. दोघांचे उपचार वेगळे, हे उघड आहे.

2017 च्या जागतिक परिषदेत ठरलेलं आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेलं वर्गीकरण आम्ही वापरतो. त्यात हिरड्यांच्या आजाराचा टप्पा मुख्यतः दातांच्या फटींतल्या पकडीवरून ठरतो. सर्वांत वाईट जागी 1 ते 2 मिमी गेली असेल तर पहिला, 3 ते 4 असेल तर दुसरा, 5 आणि पुढे तिसरा किंवा चौथा. पॉकेट बरं झालं तरी हा टप्पा कागदावरून खाली येत नाही. म्हणूनच "सहाचे तीन झाले" एवढ्यावर आम्ही कुणाला सुट्टी देत नाही.

लाल ठिपके

प्रोब फिरवल्यावर काही सेकंदांत रक्त आलं तर त्या जागी लाल ठिपका देतो. सगळे ठिपके मोजायचे, एकूण जागांनी भागायचे, शंभरने गुणायचं. काकूंचे 26 दात होते, म्हणजे 156 जागा. पहिल्या वेळी 62 ठिपके, म्हणजे सुमारे 40 टक्के. दुसऱ्या वेळी 14, म्हणजे 9 टक्के. 10 टक्क्यांच्या आत असलं की हिरडी एकंदर शांत आहे असं मानतात. मात्र ज्यांना हा आजार होऊन गेला आहे, त्यांच्या 4 मिमीच्या जागीही रक्त येता कामा नये.

एखाद्या जागी एकदा रक्त आलं म्हणजे तिथे बिघडणारच असं नाही. पण एकाही भेटीत रक्त न येणारी जागा पुढे बिघडण्याची शक्यता खूप कमी असते. आम्हाला हा ठिपका जास्त करून दिलासा म्हणून उपयोगी पडतो. अपवाद सिगारेट-बिडीचा. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे ठिपके कमी आणि पॉकेट खोल असा चार्ट निघतो. "माझ्या हिरड्यांतून कधी रक्तच येत नाही" हे अशा वेळी चांगलं लक्षण धरू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करून येऊ नका.

आमच्या पद्धतीबद्दल

चार्टला अर्धा तास का लागतो आणि त्याचे वेगळे पैसे का, असं विचारलं जातं. एक्स-रेमध्ये हाड किती उरलंय ते दिसतं, पण ते दोन दातांच्या फटीतलं. गालाकडची आणि जिभेकडची बाजू त्यात दाताच्या सावलीत जाते, आणि रक्त येतं की नाही हे तर कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. दोन माणसं बसून सहाही जागा मोजतात म्हणूनच तीन महिन्यांनी तुलना करता येते. चार-पाच दातांवर घाईने प्रोब फिरवून काढलेल्या आकड्यांवरून आम्ही कुणाला शस्त्रक्रिया सुचवणार नाही.

सफाईनंतर आठवड्याभरात "परत मोजा" असा आग्रहही करू नका. हिरडी तेव्हा नुकती चिकटत असते, प्रोबने ती पुन्हा सुटते आणि आकडाही खरा येत नाही. आम्ही साधारण तीन महिन्यांनी मोजतो, आणि शक्यतो तोच डॉक्टर, तशाच प्रोबने. चार्टच्या प्रतीचे पैसे नाहीत. दुसरीकडे काढलेला चार्ट असेल तर तोही आणा, वाचून सांगू. उपचार आमच्याकडेच घ्यायला हवेत असं नाही.

फेरतपासणीला येताना आधीचा चार्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसीचा रिपोर्ट सोबत ठेवा. त्या सकाळी नेहमीसारखाच ब्रश करा, जास्त घासून येऊ नका. आदल्या दिवशी कुठे स्केलिंग करून घेतलं असेल तर ते आम्हाला सांगा, तपासणी पुढे ढकलू.