शिक्षेचा तक्ता आणि किमान शिक्षा: एकच पिस्तूल, दोन हिशेब

‘न्यायाधीशाचे हात बांधलेले होते’ असं म्हणताना शिक्षा किती असावी हे सुचवणारा मार्गदर्शक तक्ता आणि कायद्याने ठरवलेली किमान शिक्षा यांची सर्रास गल्लत होते. प्रत्यक्षात तक्ता न्यायाधीशाला वाट दाखवतो, तर किमान शिक्षा ती अडवते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयातलं एक कल्पित प्रकरण घेऊ.

एकाने पिस्तूल रोखून बँकेतून १५ हजार डॉलर लुटले. पूर्वीचा गुन्हा नाही, आता कबुली दिली आहे. तक्त्यात गुन्ह्याच्या गांभीर्याला पातळी असते, लुटीची मूळ पातळी २०. बँक असल्याने २ वाढतात, पिस्तूल रोखल्याने ५. वेळेवर कबुली देऊन जबाबदारी स्वीकारल्याने ३ कमी होतात. उरली पातळी २४. पहिलाच गुन्हा असल्याने तक्ता ५१ ते ६३ महिने सांगतो. शिक्षा वाढवणाऱ्या आणि सौम्य करणाऱ्या बाबी इथे बेरीज-वजाबाकीने मोजल्या गेल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या ‘बुकर’ निकालापासून हा तक्ता बंधनकारक नाही. हिशेब अचूक करावाच लागतो, तो चुकला तर अपिलात शिक्षा रद्द होऊ शकते. पण कारणं देऊन न्यायाधीश ४० महिनेही देऊ शकतो.

आता सरकारी वकिलाने पिस्तुलाचा वेगळा आरोप लावला, तर चित्र पालटतं. पिस्तूल रोखल्याबद्दल किमान ७ वर्षं, म्हणजे ८४ महिने, आणि तीही लुटीची शिक्षा संपल्यावर. एकच गोष्ट दोनदा मोजायची नाही म्हणून तक्त्यातले ५ गुण गळतात. लुटीची पातळी १९, म्हणजे ३० ते ३७ महिने. तक्त्याप्रमाणे गेलं तर एकूण किमान ११४. माणूस तोच, कृत्य तेच, पण शिक्षा जवळपास दुप्पट, आणि ठरवलं कोणी? आरोप निवडणाऱ्या वकिलाने. मला यातली खरी अडचण हीच वाटते: विवेकाधिकार नाहीसा होत नाही. तो भर न्यायालयात कारणं देणाऱ्याकडून, कारणं न देणाऱ्याकडे सरकतो.

त्याच न्यायालयाच्या २०१७च्या ‘डीन’ निकालाने थोडी फट ठेवली. ८४ महिने भोगायचेच आहेत हे लक्षात घेऊन लुटीची शिक्षा अगदी कमी करता येते. ८४च्या खाली मात्र सरकार पक्षाने अर्ज केल्याशिवाय जाता येत नाही.

आपल्याकडे असा तक्ताच नाही. भारतीय न्याय संहितेत साध्या जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान काही नाही. वय, पश्चात्ताप, घरची परिस्थिती हे सगळं शिक्षेच्या सुनावणीत मांडता येतं. पण जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरल्याचं सिद्ध झालं की कलम ३११ लागतं, किमान ७ वर्षं. मग बचावाच्या वकिलाने आरोपीच्या म्हाताऱ्या आईबद्दल कितीही पोटतिडकीने सांगितलं, तरी ते सात वर्षांच्या वरच्या भागापुरतंच उपयोगी पडतं. म्हणून त्याची खरी लढाई शिक्षेच्या सुनावणीत नसते, ‘हत्यार वापरलं का’ या पुराव्यावर असते.