पहाटे गळणारा एसी आणि पाइपात अडकलेली हवा

स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमधून पाणी टपकू लागले की बहुतेक घरांत पहिला संशय गॅसवर घेतला जातो. वस्तुतः गॅस तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत असतो आणि गळालाच तर तो हवेत विरून जातो. खाली टपकते ते खोलीतल्या हवेतलेच पाणी. दमट हवा थंडगार कॉइलवरून जाताना तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये उतरतात.

हे पाणी किती असते, याचा अंदाज कागदावर सहज बांधता येतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-मुंबईच्या हवेत त्यातला चौथा हिस्सा बाष्पाचे पाणी करण्यात खर्ची पडतो असे धरले आणि एक लिटर पाण्यासाठी सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते हे लक्षात घेतले, तर उत्तर तासाला जवळपास १.९ लिटर येते. खोली गार झाल्यावर इन्व्हर्टर एसी वेग कमी करतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतर हाच आकडा तासाला लिटरभर किंवा त्याहूनही खाली येतो.

एवढे पाणी बाहेर नेण्यासाठी घरगुती स्प्लिट एसीत बहुधा कोणताही पंप नसतो. ट्रेच्या एका टोकाला ड्रेन पाइप जोडलेला असतो आणि तो तांब्याच्या नळ्यांसोबत टेपने गुंडाळून भिंतीच्या भोकातून बाहेर काढलेला असतो. पाणी केवळ उताराने वाहते, आणि ट्रेची खोली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर असल्यामुळे पाण्याला पुढे रेटणारा दाबही तेवढ्याच उंचीचा मिळतो. पाइप भिंतीबाहेर पडून सरळ खाली उतरला तर त्याची अडचण होत नाही. मात्र युनिटच्या मागचा, भिंतीतला आणि भिंतीलगतचा जो जवळजवळ आडवा भाग असतो, तिथला किरकोळ अडथळासुद्धा या तुटपुंज्या दाबाला भारी पडतो.

ठाण्यातल्या एका घरातले उदाहरण पाहू. रात्री दहाला एसी लावला की मध्यरात्रीपर्यंत सगळे ठीक असे. पहाटे चारच्या सुमारास मात्र युनिटच्या उजव्या कोपऱ्यातून पलंगावर थेंब पडू लागत. मेकॅनिकने सर्व्हिसिंग केले, फिल्टर धुतला आणि गॅस भरावा लागेल असेही सुचवून ठेवले. एसीने गळण्याची वेळ काही सोडली नाही, आणि खरे तर तीच सर्वांत उपयोगी खूण होती, कारण मशीन जर रोज ठरावीक तासांनीच गळत असेल, तर तेवढ्या वेळात कुठेतरी काहीतरी भरत असले पाहिजे.

भरत होती ती बाल्कनीतली बादली. इमारतीला बाहेरून रंग देताना ड्रेन पाइप सोडवून पुन्हा बांधला गेला होता आणि त्याचे टोक बादलीत, तळापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर, लोंबत होते. रोज संध्याकाळी रिकामी केलेली ती बादली चार लिटर भरेपर्यंत टोक मोकळे राही. मग ते पाण्यात बुडू लागे. तेवढ्याने बिघडले नसते, पण पुन्हा बांधताना भिंतीबाहेरच्या आडव्या भागात पाइपाला झोळ आला होता आणि त्या झोळात कायम पाणी साचून राहत होते. एका बाजूला झोळातले पाणी, दुसऱ्या बाजूला बादलीतले पाणी आणि मधल्या पाइपात कोंडलेली हवा, अशी ही अवस्था होती. उलटा पेला बादलीत दाबला तर आतली हवा पाणी वर चढू देत नाही, तोच प्रकार इथे होतो. ती हवा बाहेर ढकलायची तर टोक जेवढे बुडाले आहे तेवढ्या उंचीचा दाब लागतो. टोक तीन सेंटिमीटर बुडाले की ट्रेमधल्या पाण्याला तो दाब देता येत नाही. ट्रे काठोकाठ भरतो आणि जिथे काठ सर्वांत खाली असेल तिथून पाणी खोलीत उतरते.

पाइपाचे टोक बादलीबाहेर काढताच गुडगुड आवाज होऊन साचलेले पाणी धबाधबा आले आणि दोन रात्री कोरड्या गेल्या. तिसऱ्या, अधिक दमट रात्री पुन्हा थेंब पडले. याचा अर्थ पाइप आतून अरुंदही झाला होता. पाणी निघत होते, पण जमा होण्याच्या वेगाने निघत नव्हते.

अशा वेळी अडथळा नेमका कुठे आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे. आधी एसीचा एमसीबी बंद करावा. पुढचे झाकण उघडून, फिल्टर काढून, कॉइलच्या मधल्या भागावर अर्धा लिटर स्वच्छ पाणी हळूहळू सोडावे आणि दुसऱ्या माणसाने बाहेरचे टोक पाहावे. अनेक युनिटमध्ये उजव्या बाजूला सर्किट असते, त्यामुळे तिकडे पाणी जाऊ देऊ नये. इथे कपभर पाणी लगेच आले आणि नंतर नुसती ठिबक सुरू राहिली. मग ट्रे आणि पाइप यांचा सांधा खाली भांडे धरून सोडवला, तेव्हा ट्रेमधले पाणी एकदम मोकळे झाले. म्हणजे ट्रेचे तोंड साफ होते. सुट्या पाइपात ओतलेले पाणी मात्र तुंबले. दोष पाइपातच होता, आणि पाणी साचून राहणारी जागा झोळाचीच असल्याने संशयही तिथेच होता.

ओले-कोरडे दोन्ही चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला कापड गुंडाळून लावल्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचा, जेलीसारखा बुळबुळीत लगदा बाहेर आला. धूळ, कपड्यांचे तंतू आणि त्यांवर पोसलेले जीवाणू व बुरशी यांचा तो थर असतो. कॉइलवरून येणारे पाणी स्वच्छ दिसले तरी ते हवेतली धूळ धुऊन आणते, आणि अंधारात ओल टिकून राहिली की हा थर वाढतच जातो. गाळ नेहमी बाहेरच्या टोकाने ओढून काढावा. सांधा जोडलेला असताना बाहेरून ब्लोअर मारला तर तोच गाळ ट्रेमध्ये उलटा येतो किंवा सांधा निसटतो. तार खुपसणे तर टाळावेच, कारण वळ्यावळ्यांच्या पातळ पाइपाला भिंतीत भोक पडले की पुढची गळती प्लास्टरमधून डोकावते.

शेवटी झोळ काढून पाइप सलग उताराने बांधला आणि टोक बादलीच्या काठाशी, पाण्याला कधीच टेकणार नाही असे ठेवले. तीच चाचणी या वेळी पूर्ण लिटरभर पाण्याने केली, तेव्हा ते मिनिटभरात बाहेर पडले. कोपऱ्यातले थेंब त्यानंतर दिसले नाहीत.

प्रत्येक गळती ड्रेन पाइपाची नसते. कॉइलवर बर्फ धरलेला दिसला तर फिल्टर तुंबलेला असतो किंवा खरोखरच गॅस कमी असतो. एसी बंद केल्यावर तो बर्फ वितळून पाणी पुढून पडते. पाणी भिंतीच्या भोकापाशीच पाझरत असेल तर तांब्याच्या नळीवरचे फोमचे आवरण फाटले आहे का ते पाहावे. भिंतीत गाडून बाथरूममध्ये सोडलेल्या ड्रेन पाइपाचा झोळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथे बाथरूमचे टोक मोकळे असेल तर व्हॅक्यूम लावून पाहता येतो. तरीही ओतलेले पाणी तुंबत असेल, तर पाइपाचा उतारच चुकला आहे असे समजून भिंतीवरून नवा पाइप काढणे हे भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त पडते.