२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ (वाय-फायचे पट्टे)

घरातला राउटर मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांच्याशी ज्या रेडिओ लहरींवर संपर्क ठेवतो, त्यांचे हे दोन पट्टे. पहिला २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढा अरुंद आहे. दुसरा ५१५० ते ५८७५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान तुकड्यातुकड्यांनी पसरलेला आणि कितीतरी ऐसपैस आहे. भारतात २.४चा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५चा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही मोठ्या प्रमाणावर खुला झाला तो ऑक्टोबर २०१८मध्ये. नेटवर्कच्या नावापुढे `_5G` दिसते म्हणून अनेकांना ते मोबाइलचे फाइव्ह-जी वाटते. दोन्हींचा काही संबंध नाही. मोबाइलच्या ‘जी’चा अर्थ पिढी, आणि इथे मात्र तो गिगाहर्ट्झ.

पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जात नाही, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत असते. त्याचे कारण मात्र बहुधा चुकीचे सांगितले जाते. हवा या लहरी शोषून घेते असे नाही. घरातल्या अंतरात हवेचा परिणाम नगण्य असतो. २.४ची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, तर ५ची साडेपाचच्या आसपास. अँटेना तरंगलांबीच्या मापाने बनते, त्यामुळे ५ची अँटेना लहान असते आणि येणाऱ्या लहरींतला लहान घास घेते. मोकळ्या जागेत, तेवढ्याच अंतरावर, तिच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा येते. हा तोटा झाला भिंतीविना. खरा फरक भिंती पाडतात.

पुण्या-मुंबईकडचा नेहमीचा टू-बीएचके फ्लॅट घेऊ. फायबरची वायर मुख्य दारातून आत येते, म्हणून राउटर दाराशेजारी. आठ मीटर अंतरावर आतली बेडरूम, मध्ये विटांच्या दोन भिंती. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल क्षीण. दोन्ही पट्ट्यांवर राउटर सारख्याच ताकदीने बोलतो असे धरून हिशोब केला, तर भिंती नसताना २.४चा सिग्नल बेडरूममध्ये उणे ३८ आणि ५चा उणे ४५ येईल. विटांची एक भिंत २.४चे सहाएक डेसिबल खाते आणि ५चे दहाएक. दोन भिंतींनंतर आकडे होतात उणे ५० आणि उणे ६५. कपाटे, गाद्या आणि माणसे धरली तर प्रत्यक्षात आणखी पाच-दहा कमीच समजावे. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७च्या आसपास सिग्नल पुरतो. म्हणजे मध्ये फारसे सामान नसेल तर बेडरूममध्ये ५ काठावर का होईना, चालतो. मध्ये टाइल्स लावलेली, पाण्याच्या पाइपांची बाथरूमची भिंत आली की तो उणे ८०पर्यंत घसरतो आणि तुटतो. २.४ तिथेही टिकून राहतो.

अमेरिकी लेखांमधले ‘अमुक खोल्यांपर्यंत पोहोचतो’ हे आडाखे आपल्याकडे लागू पडत नाहीत ते यामुळेच. तिकडे घरातल्या भिंती बहुतेक लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या, आपल्याकडे वीट आणि आरसीसी. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतीच्या घरात तर ५ गिगाहर्ट्झ त्या खोलीपुरताच धरावा.

मग बेडरूममध्ये २.४च बरा? बहुतेक वेळा नाही, आणि या विषयातली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. मोबाइलवरच्या काड्या सिग्नल किती जोरात ऐकू येतो एवढेच सांगतात. तिथे गर्दी किती आहे हे सांगत नाहीत. २.४च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात खरे, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक नेटवर्कला किमान २० मेगाहर्ट्झ जागा लागते. व्यवहारात एकमेकांवर न चढणारे चॅनेल उरतात तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत वरच्या-खालच्या, शेजारच्या अशा वीस घरांचे राउटर या तीन चॅनेलमध्ये कोंबलेले असतात. वाय-फायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचे आणि दुसरा बोलत असेल तर थांबायचे. त्यामुळे शेजारच्या टीव्हीवर सिनेमा चालू असेल तर तुमचा लॅपटॉप पूर्ण काड्या दाखवत ताटकळत राहतो. ब्लूटूथही याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. दूध गरम होईस्तोवर किचनशेजारच्या खोलीत व्हिडिओ अडकतो आणि ‘टिंग’ झाल्यावर सुरळीत होतो, असे दिसले तर दुसरे कारण शोधू नये.

५मध्ये जागा भरपूर असल्याने एकच नेटवर्क ८० मेगाहर्ट्झ रुंदी घेऊ शकते. शिवाय ज्या भिंती तुमचा सिग्नल अडवतात त्याच शेजाऱ्याचाही अडवतात, म्हणून गर्दी आपोआप कमी. दोन अँटेनांचा फोन ५वर सेकंदाला ८६६ मेगाबिटपर्यंतची जोडणी दाखवतो, तोच २.४वर, २० मेगाहर्ट्झमध्ये आणि जुन्या ‘एन’ मानकाने, १४४ दाखवतो. हातात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास, गर्दीत त्याहून कमी. उणे ६५वर ५चा वेग बराच उतरतो, तरी गर्दीतल्या २.४ला तो सहज मागे टाकतो. दोन काड्यांचा ५ चार काड्यांच्या २.४पेक्षा वेगवान असू शकतो तो असा.

यावरून वाटणी ठरते. टीव्ही, लॅपटॉप, रोजचा फोन, गेमिंगचे यंत्र ही राउटरपासून एक-दोन भिंतींच्या आत असतील तर ५वर ठेवावीत. दाराबाहेरची बेल, पार्किंगमधला कॅमेरा, गच्चीवरच्या टाकीचा स्विच यांना वेग नको, पोहोच हवी, त्यांना २.४. स्मार्ट प्लग, बल्ब यांच्यात तर बहुधा इएसपी-८२६६सारखी स्वस्त चिप असते, जिला ५ ऐकूच येत नाही.

प्लग जोडताना होणारा घोटाळाही यातूनच येतो. अ‍ॅप सहसा फोन ज्या नेटवर्कवर आहे त्याचेच नाव आणि पासवर्ड प्लगला देते. फोन `Ghar_5G`वर असेल तर प्लग ते नाव शोधत बसतो आणि दिवा लुकलुकत राहतो. पासवर्ड बरोबर असतो, प्लगही चांगला असतो. फोन आधी `Ghar`वर, म्हणजे २.४च्या नावावर आणावा, मग जोडणी करावी. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि जोडणी अडत असेल, तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन पाच मिनिटे ५ बंद करावा, प्लग जोडावा, पुन्हा चालू करावा. प्लग पुढे २.४वरच राहतो.

आपण कोणत्या पट्ट्यावर आहोत हे विंडोजच्या लॅपटॉपवर या आज्ञेने कळते:

```
netsh wlan show interfaces
```

`Channel`समोर १ ते १३मधला आकडा आला तर २.४, ३६ किंवा त्यापुढचा आला तर ५. लॅपटॉप राउटरशेजारी असूनही ६ किंवा ११ दिसत असेल, तर तो दूरच्या खोलीतून येताना २.४लाच चिकटून राहिलेला असतो. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केले की बहुधा ५वर येतो.

५चा एक नियम मात्र २.४ला नाही. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारही वापरतात, म्हणून तिथे बोलण्याआधी राउटरला किमान एक मिनिट कान देऊन ऐकावे लागते, आणि मध्येच रडार जाणवले तर चॅनेल सोडावा लागतो. लाइट जाऊन आल्यावर २.४चे नाव लगेच दिसते आणि ५चे मिनिटभर उशिरा, याचे कारण हे असू शकते. ५ अधूनमधून सगळ्या यंत्रांवर एकदमच तुटत असेल, तर राउटरमध्ये ३६ किंवा १४९ चॅनेल निवडून पाहावा; तिथे ही अट नाही. तुटणे एकाच खोलीत होत असेल, तर चॅनेल बदलून उपयोग नाही. तिथे भिंत आडवी आलेली असते, आणि तिच्यापलीकडे वायर नेऊन दुसरा राउटर लावावा लागतो.