पार्श्वभूमी : हप्ता तोच, मुद्दल मात्र जागेवर

खानापूर-निपाणी पट्ट्यात घरकर्ज घेणाऱ्याला दोन वाटा दिसतात: सोसायटीचा, म्हणजे सहकारी पतसंस्थेचा ठरलेला, फिक्स दर किंवा बँकेचा बदलता, म्हणजे फ्लोटिंग. जानेवारी 2022 मध्ये दुसरी वाट फारच स्वस्त वाटत होती. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 टक्के होता.

समजा, टिळकवाडीत कोणी तेव्हा 20 वर्षांसाठी 20 लाख घेतले. रेपोवर 2.90 टक्के, म्हणजे दर 6.90 आणि हप्ता साधारण 15,386 रुपये. मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो चढवायला घेतला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तो 6.50 वर गेला. अशा वेळी बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवत, म्हणून खातेदाराला चटकन काही जाणवत नसे. दर तीन महिन्यांनी बदलला असे धरले, तर एप्रिल 2023 मध्ये तो 9.40 टक्के होतो. तेव्हा शिल्लक मुद्दल सुमारे 19 लाख 64 हजार आणि त्यावरचे महिन्याचे व्याज 15,389 रुपये. हप्त्याहून तीन रुपये जास्त! दर आणि हप्ता असाच राहिला, तर हे कर्ज कधीच फिटणार नाही. मूळ मुदतीत फेडायचे तर हप्ता 18,600 च्या घरात न्यावा लागतो. खाते उताऱ्यात मुद्दलाचा रकाना जवळजवळ शून्यावर आला, की समजावे.

दर चढताना हा फटका इतक्या लवकर बसतो, त्यामागे 2019 चा नियम आहे. त्याआधी कर्जाचे दर ज्यावर ठरत, ते 2010 चा बेस रेट आणि 2016 चा एमसीएलआर बँका स्वतःच्या खर्चावरून काढत. रेपो उतरला तरी जुन्या कर्जदारापर्यंत उतार रेंगाळतच पोचे, आणि ती ओरड रास्तच होती. म्हणून 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जे बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, बांधली गेली. 2020 मध्ये कर्जदाराला त्याचा फायदा झाला. 2022 मध्ये तीच दोरी उलटी ओढली गेली.

मग ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि बँकेच्या धोरणानुसार फिक्स दरावर जाण्याची मुभाही द्या.

फिक्सवाला मात्र सुरुवातीपासून जास्त भरतो. 2022 मध्ये 8.50 ने घेतले असते, तर हप्ता 17,356. वरच्या फ्लोटिंगवाल्यापेक्षा महिन्याला सुमारे दोन हजार जास्त, पण 2023 मध्ये तोच सुखात. चढलेल्या दराचा भार तेव्हा कर्ज देणाऱ्या संस्थेवर. 2025 मध्ये रेपो 5.25 पर्यंत उतरला आणि फ्लोटिंगवाला 8.15 वर आला, फिक्सवाला 8.50 वरच. अर्थात करारात ‘ठरावीक वर्षांनी दर फेरनिश्चित’ असे कलम असेल, तर ते फिक्स नावापुरतेच.

सहकारी पतसंस्थांना 2019 चा हा नियम लागू नाही. तिथे दर संचालक मंडळ ठरवते, म्हणून रेपो उतरल्याची बातमी वाचून हप्ता उतरेल असे धरू नये.